चौतीस खुणांचं नाव

बातमी भोंडल्यात फुटली, आणि खिरापत वाटून होईपर्यंत ती घरोघर पोहोचलीसुद्धा. बाक्र्यांच्या मृदुलानं सूड उगवला म्हणे. कंपनीच्या जाहीर मजकुरातून तिनं आपल्याच महाव्यवस्थापकांचं, म्हणजे रमाकांत साठ्यांचं, नाव स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. का? तर चार वर्षांपूर्वी साठ्यांच्या सुजयशी तिचं जमता जमता फिसकटलं होतं, ती जखम अजून ओली होती. झाशीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली असली, तरी बातमी पोहोचवण्याच्या कामी ती कमी पडत नाहीत. शहर बाजारातल्या मावशींना जे सकाळी कळतं, ते छावणीजवळच्या काकूंना दुपारचा चहा उकळायच्या आत माहीत असतं, आणि मधल्या वाटेवर त्यात दोन वेलदोडे पडलेले असतात.

आता मृदुला कोण, ते आधी सांगायला हवं. कारण जिच्याबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात तिच्याबद्दल त्यांना सगळ्यात कमी माहिती असते, हा आपल्याकडचा नेम आहे.

बाक्र्यांचं मूळ घर गुरसरायचं. तिथल्या मराठी जहागिरीत कुणी पूर्वज कारकून होते. कारकून होते असं घरचे म्हणतात, म्हणजे काय होते ते देवाला ठाऊक. पुढची पिढी रेल्वेत शिरली आणि झाशीला रुजली. मृदुलाचे वडील कमलाकर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. तिथं फोनवर बोलायचं ते मोजूनमापून. गाडी कोणती, कुठं आहे, कधी सुटेल. घरीही हाच खाक्या. पोरगी शाळेतून रडत आली तर विचारायचे, ‘‘काय झालं, कुठं झालं, आता काय हवंय? बाकीचं आईला सांग.’’ आई म्हणजे सिंधूताई. त्यांना कुणी विचारलं, भाजी कशी झाली, तर त्या ती भाजी विकणाऱ्या कुंजड्याच्या मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात करायच्या. लोक कंटाळायचे नाहीत, हे विशेष. सिंधूताईंची गोष्ट लांब असायची, पण पहिल्याच वाक्यात त्या असं काही बोलून जायच्या की समोरच्याचा पाय उंबऱ्यातच अडकायचा.

तर मृदुलाकडे दोन्ही आलं. बापाचं तोडणं आणि आईचं रंगवणं. लग्नाच्या बाजारात या दोन्ही गुणांना भाव नाही. म्हणून ती छत्तिसाव्या वर्षी वेत्रवती इंजिनिअरिंगमध्ये जनसंपर्क विभाग चालवत होती. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि मृदुला.

वेत्रवती ही बबीना रोडवरची खासगी कंपनी. रेल्वेच्या डब्यांखाली बसवायच्या पोलादी वस्तू तिथं बनतात. गेल्या वर्षी मृदुलानं दिल्लीच्या मालकांच्या मागे लागून एक गोष्ट मंजूर करून घेतली होती: आसपासच्या गावांतल्या मुलींना वेल्डिंग शिकवायचं. तीन महिने, फुकट. एक रिकामी शेड मिळाली, वीस मुलींची सोय झाली. मुली आल्या सहा.

सहाच का आल्या, याची चौकशी झाली आणि चौकशीत नेहमीप्रमाणे मुलींचाच दोष निघाला. त्यांना शिकायचंच नसतं, असं ठरलं. खरं कारण मात्र कंपनीच्या खात्यावर उघडं पडलं होतं आणि कुणी ते वाचत नव्हतं. एक्सवर, ज्याला झाशीत अजून सगळे ट्विटरच म्हणतात, एका वेळी दोनशे ऐंशीच खुणा, म्हणजे कॅरॅक्टर, मावतात. साठ्ये साहेबांनी दिलेला मजकूर होता हजाराच्या वर. मृदुलाला बाजूला सारून कार्मिक विभागाचे प्रमुख अजय दुबे यांनी तो पाच तुकड्यांत कापून एकाखाली एक लटकवला. कंपनीत रिवाज असा की कुठलाही कागद असो, आधी नावं यायची आणि तीसुद्धा हुद्द्याच्या उतरत्या क्रमानं. त्यामुळे पहिल्या तुकड्यात यशस्वी प्रबंध निदेशक आले, त्यांचं मार्गदर्शन आलं, महाप्रबंधक म्हणजे साठ्ये आले, त्यांचं कुशल नेतृत्व आलं, आणि जागा संपली. दुसऱ्यात दुबेजी स्वतः आले. प्रशिक्षण तिसऱ्यात उगवलं. तारीख चौथ्यात, पत्ता पाचव्यात.

आता लोक पुढे पाठवतात तो एकच तुकडा, पहिला. गावातल्या पत्रकारांनी पाठवला, सरपंचांनी पाठवला, कुणा मामांनी हात जोडल्याची चित्रं टाकून पाठवला. खाली एकानं विचारलं होतं, ‘‘बधाई हो, पर किस बात की?’’ त्याला दुबेजींनी धन्यवाद दिले.

या वर्षी दिल्लीहून निरोप आला. वीस जागा भरल्या नाहीत तर शेड गोदामाला द्या, आणि मृदुला मॅडमना डिस्पॅचमध्ये घ्या, तिथं माणूस हवाच आहे. डिस्पॅच म्हणजे दिवसभर खोक्यांवर पत्ते डकवायचे. मृदुला घरी काही बोलली नाही. पण सिंधूताईंनी पोळी लाटता लाटता ओळखलं, कारण पोरगी चहाला नाही म्हणाली.

नवरात्र बसलं होतं. सोमवारी, सहा ऑक्टोबरला, नवी तुकडी सुरू व्हायची होती. मृदुलानं प्रशिक्षणाची एकच बातमी घेतली आणि तिची दोन पोरं केली, एक बापावर गेलेलं, एक आईवर.

छोटं, एक्सवरचं, आधी. ते कुणासाठी? बबीना, बरुआसागर, मोठ या गावांतल्या मुलीसाठी. खरं तर तिच्या भावासाठी, कारण फोन त्याच्या हातात असतो. त्याला काय हवं? काय आहे, कोणासाठी, कधी, कुठं, काय आणायचं, पैसे किती. मृदुलानं लिहिलं:

‘‘वेल्डिंग सीखना चाहती हैं? 18 से 30 साल की लड़कियों के लिए तीन महीने का मुफ़्त प्रशिक्षण। सोमवार 6/10, सुबह 10 बजे सीधे आ जाइए: वेत्रवती इंजीनियरिंग, बबीना रोड, झाँसी। आधार और आठवीं की मार्कशीट लाएँ। बस का किराया हम देंगे। जिन्हें ज़रूरत हो, उन तक पहुँचाएँ।’’

आणि शेवटी नकाशाचा दुवा. दुवा कितीही लांब वा आखूड असो, ती साइट त्याच्या तेवीसच खुणा धरते. नागरी लिपीचं मात्र तसं नाही. आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते तिथं सुटं करून मोजतात. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायची खूण वेगळी, खालचा नुक्तासुद्धा वेगळा. एवढासा ‘श्री’, पण तो चार खुणा खातो. मृदुलानं घासून घासून मजकूर बसवला तेव्हा बरोबर दोनशे ऐंशी झाल्या. सुई शिरायला जागा नाही. कमलाकरराव आज असते तर म्हणाले असते, गाडी सोडा.

पण गाडी सोडायला सिग्नल लागतो, आणि सिग्नल साठ्यांच्या हातात होता.

रमाकांत साठ्ये मूळचे साताऱ्याकडचे, झाशीत येऊन पंचवीस वर्षं झालेली. माणूस वाईट नाही. फक्त स्वतःचं नाव छापलेलं दिसलं नाही तर त्यांना आपण आहोत की नाही अशी शंका यायची. हळदीकुंकवाच्या पत्रिकेतसुद्धा कोपऱ्यात त्यांचं नाव असायचं, सौजन्य म्हणून. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग बैठक बोलावली.

दोन ओळींच्या मजकुरासाठी पाच माणसं बसली. दुबेजी म्हणाले, नारीशक्तीचा हॅशटॅग हवा, शिवाय आत्मनिर्भरतेचा. मृदुला म्हणाली, तेही मोजले जातात. सुरक्षा अधिकारी म्हणाले, हेल्मेट घालून या असं लिहा. मृदुलानं विचारलं, मोठ गावात ते मिळतं का? मग कुणीतरी साठ्यांच्या सुजयचा निरोप सांगितला. सुजय बंगळूरला संगणकात असतो, त्यामुळे झाशीच्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे उपाय असतो. त्याचं म्हणणं, महिन्याला थोडे पैसे भरून निळी खूण घ्या, मग हवं तेवढं लांब लिहिता येतं. मृदुला म्हणाली, लिहिता येतं, पण पडद्यावर दिसतात पहिल्या दोनशे ऐंशीच, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणजे गेल्या वर्षीचीच गंमत, फक्त विकत घेतलेली.

साठ्ये शांतपणे म्हणाले, ‘‘माझं काही म्हणणं नाही. फक्त कार्यक्रम कुणाच्या नेतृत्वाखाली होतोय ते लोकांना कळावं. लोकांसाठीच म्हणतोय.’’

मृदुलानं संगणक त्यांच्याकडे वळवला. ‘‘टाकून बघा, सर.’’

त्यांनी टाकलं. ‘महाप्रबंधक श्री रमाकांत साठ्ये जी’. आधीची मोकळी जागा धरून चौतीस खुणा. कोपऱ्यात लाल रंगात वजा चौतीस उमटलं. बैठकीत पहिल्यांदाच सगळे एका गोष्टीकडे बघत होते.

साठ्ये इंजिनिअर माणूस. लोखंड जास्त झालं तर कापायचं, एवढं त्यांना येतं. त्यांनी ‘बस का किराया हम देंगे’ काढलं. वजा अकरा. ‘मुफ़्त’ काढलं. वजा चार. दुबेजी श्वास रोखून बघत होते. साठ्यांनी मोठ्या मनानं आपला ‘जी’ काढला.

वजा एक.

एका खुणेसाठी पाच माणसं अडली. दुबेजी दबकत म्हणाले, ‘‘सर, श्री हटा दें तो?’’ साठ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुबेजींनी पाण्याचा ग्लास उचलला. मग सुरक्षा अधिकाऱ्यांना सुचलं, प्रश्नचिन्ह काढा. काढलं. लाल आकडा गेला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पूल बांधून झाल्याचं समाधान.

‘‘आता वाच,’’ साठ्ये म्हणाले.

मृदुलानं वाचलं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, फुकट की विकत ते नाही. लांबून यायचं, भाडं कुणाचं ते नाही. शेवटी महाप्रबंधक श्री रमाकांत साठ्ये.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘मुलीचा बाप विचारणार, पैसे किती आणि भाडं कोण देणार. त्यावर आपलं उत्तर आहे, साठ्ये.’’

कुणी हसलं नाही, पण सुरक्षा अधिकाऱ्यांना खोकला आला.

‘‘म्हणजे माझ्या नावाला काही किंमत नाही,’’ साठ्ये म्हणाले.

‘‘आहे ना. म्हणून तर सांगते. गेल्या वर्षी नाव होतं आणि मुली सहा होत्या. या वर्षी शेड रिकामी राहिली तर दिल्लीवाले हाच मजकूर उघडून बघतील. त्यात एकच नाव असेल.’’

माणसाला मोठेपणा पटत नाही तिथं धास्ती पटते, आणि दोन्हींचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो. साठ्यांनी आपल्या हातानं आपलं नाव पुसलं, भाडं परत घातलं, मुफ़्त परत घातलं, प्रश्नचिन्हसुद्धा. मग म्हणाले, ‘‘आणि मी जाऊ कुठं?’’

‘‘तुम्हाला जागा आहे, सर. मोठी.’’

ही मोठी जागा म्हणजे लिंक्डइन. नोकरदार माणसं तिथं एकमेकांच्या बढत्यांना टाळ्या वाजवायला जमतात. साठ्ये एक्सवर नव्हते, तिथं भांडणं होतात असं ते म्हणायचे. लिंक्डइनवर मात्र त्यांचं बस्तान होतं. तिथं तीन हजार खुणांची मुभा असते, आणि वाचणारे वेगळे: कारखान्यांचे व्यवस्थापक, खरेदी अधिकारी, माणसं भरती करणारे. त्यांना बसचं भाडं सांगून काय उपयोग? ते काही मार्कशीट घेऊन सोमवारी येणार नव्हते. त्यांच्याकडून दुसरंच हवं होतं: शिकून बाहेर पडलेल्या मुलींना काम.

साठ्यांनी त्याच दुपारी स्वतः मसुदा केला. तो ‘गतिमान नेतृत्व’ या शब्दांनी सुरू होत होता आणि परिपत्रकासारखा एकाच परिच्छेदात कोसळत होता. मृदुलानं समजावलं की तिथंसुद्धा आधी वरच्या दोनतीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायचं तर माणसाला बोट दाबावं लागतं. गतिमान नेतृत्व बघून बोट दाबणारा माणूस अजून जन्माला यायचाय. असं अर्थात ती म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘‘सर, हे तुमच्या खात्यावरून जाणार, ‘मी’ म्हणून. मग तुम्ही काय पाहिलं ते सांगा की. गेल्या वर्षीच्या त्या सहा मुलींपैकी कुणी आठवते?’’

‘‘मला कुठं वेळ असतो शेडमध्ये जायला.’’

‘‘एकदाही नाही गेलात?’’

साठ्ये सांगू लागले. एकदा गेले होते, आगीचे बंब तपासायला. एक बारीक पोरगी वेल्डिंग करत होती, बरुआसागरची. चामड्याचे हातमोजे पुरुषांच्या मापाचे, कोपरापर्यंत यायचे आणि हातातून निसटायचे. तिनं मनगटांना सुतळी बांधली होती. जोड मात्र सरळ होता. त्यांनी वाकून पाहिला होता.

‘‘मग काय म्हणालात तिला?’’

‘‘काही नाही. सुतळी पेटेल म्हणालो, सांभाळून.’’ मग म्हणाले, ‘‘लहान मोजे मागवायचे राहिलेच.’’

मृदुलानं मोठ्या मजकुराचं पहिलं वाक्य तिथंच उचललं. इंग्रजीत लिहायचं होतं, पण हाडं सिंधूताईंचीच: आमच्या शेडमधली एक मुलगी मनगटाला सुतळी बांधून वेल्डिंग शिकली, कारण तिच्या हाताच्या मापाचे मोजे आमच्याकडे नव्हते. मग एक ओळ मोकळी. मग जोड सरळ होता ते. मग वीस जागांना सहाच मुली आल्या, कारण आम्ही त्यांना पत्ता पाचव्या तुकड्यात सांगितला. हे वाक्य साठ्यांनी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं, कारण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की चूक कबूल करणारा साहेब लिंक्डइनवर फार शोभून दिसतो. पुढं सोमवारी नवी तुकडी, आणि सरळ मागणी: लहान मापाचे मोजे कुणी बनवत असेल तर कळवा, आणि तीन महिन्यांनी एक चांगली वेल्डर हवी असेल तर आत्ताच कळवा. सगळ्यात खाली प्रबंध निदेशक, दुबेजी, सुरक्षा अधिकारी, शिकवणारे मिस्त्री, सगळे नावानिशी.

निम्मी जागा उरली. साठ्यांना ते सहन होईना. ‘‘तिकडं जागा नाही म्हणतेस, आणि इकडं आहे तर भरत नाहीस.’’

‘‘ताट मोठं आहे म्हणून भात वाढत नाही, सर. पोट बघून वाढते.’’

एकाच सकाळी दोन्ही मजकूर गेले.

आणि त्याच संध्याकाळी मराठी मंडळाचा भोंडला होता. पाटावर हत्ती मांडून झाला, फेर धरून झाला, गाणी निम्मी मराठी आणि निम्मी हिंदी चालीत म्हणून झाली. मंडळाच्या मुलींना आता मराठी समजतं, पण तोंडातून हिंदी येतं, त्यामुळे खिरापत ओळखायची तर ‘मीठा है या नमकीन’ असा पुकारा होतो. साठ्ये साहेबांच्या पत्नी इंदुमती तिथं मानाच्या खुर्चीवर होत्या. शेजारी बसलेल्या जाई नावाच्या एका सूनबाईनं भोळेपणानं, म्हणजे जितकं भोळं असावं तितक्याच भोळेपणानं, फोन पुढं केला. ‘‘काकू, हे बघितलंत? कंपनीचं आहे. काकांचं नाव नाही दिसत कुठं.’’

इंदुमतीबाईंनी वाचलं. दोनशे ऐंशी खुणांत नवरा कुठंच नव्हता. मागच्या वर्षी पहिल्याच ओळीत होता. त्यांनी फोन परत दिला आणि मृदुलाकडे पाहिलं. मृदुला सिंधूताईंच्या शेजारी वाटली डाळ खात होती.

आता ती जुनी गोष्ट. चार वर्षांपूर्वी सुजय सुट्टीवर आला तेव्हा सिंधूताईंच्या घरी पोहे झाले होते. पुढं काही झालं नाही. साठ्यांकडचे सांगत, आम्ही नाही म्हणालो. बाक्र्यांकडचे काही सांगत नसत, आणि झाशीत गप्प बसणारा हरलेला धरला जातो. प्रत्यक्षात सुजयनं पोह्यांच्या बशीवर वाकून विचारलं होतं की बंगळूरला आल्यावर तू काय करशील, आणि मृदुला म्हणाली होती की मी बंगळूरला का येईन. तेवढंच. दोघांनी पोहे मात्र संपवले, आणि सुजय अजून तिला दिवाळीला शुभेच्छा पाठवतो.

इंदुमतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा मवाळ आवाजात म्हणाल्या, ‘‘मृदुला, बेटा, काही राग असेल तर घरी येऊन बोलायचं. नावं अशी पुसायची नसतात.’’

सगळ्यांचे कान इकडं वळले. पाटावरचा हत्तीसुद्धा कान टवकारून असावा. सिंधूताई उत्तर द्यायला सरसावल्या. त्यांची सुरुवात गुरसरायपासून झाली असती. मृदुलानं आईच्या हातावर हात ठेवला.

‘‘काकू, पुसलं नाही. मावलं नाही.’’

‘‘हो का,’’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘‘सूनबाई, हिला खिरापत वाढा अजून. हिला मावत असेल तेवढी.’’

बायका हसल्या. मृदुलाही हसली, कारण वाक्य चांगलं होतं. लिंक्डइनवर साठ्ये काका ‘मी, मी’ म्हणत पसरलेत, हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मंडळातल्या बायका तिथं जात नाहीत. तिथं कुणाचं लग्न ठरत नाही. इंदुमतीबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं असतं तर कळलं असतं. पण रमाकांतरावांनी आपण स्वतः आपलं नाव पुसलं हे घरी सांगितलं नव्हतं. कुठला नवरा सांगेल?

दसरा झाला. शनिवारी मृदुलानं एक्स उघडलं. छोटा मजकूर बराच पुढं गेलेला, पण किती मुली येणार हे काही त्यावरून कळत नव्हतं. रविवारी तिनं आपल्या टेबलाचा खण आवरला. डिस्पॅचमध्ये खण नसतो.

सोमवारी साठ्ये सकाळी फाटकाशी येऊन उभे राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, कुंपण बघतोय. दहाला बरीच मिनिटं होती. पहिली बस आली, त्यातून तीन मुली उतरल्या आणि एक म्हातारी, म्हातारी कुणाच्या तरी सोबत. मृदुला बघत राहिली. दुसऱ्या बसमधून दोन. मग सायकलींवरून काही, मग एका ट्रॅक्टरच्या मागं बसून मोठहून एक घोळकाच. दुबेजी जागा मोजत होते. वीस झाल्यावर ते मोजायचे थांबले आणि खुर्च्या आणायला पळाले. उरलेल्या मुलींची नावं पुढच्या तुकडीसाठी लिहून घेतली.

साठ्यांनी एका मुलीला विचारलं, बातमी कुठं कळली. तिनं भावाच्या फोनवरचं चित्र दाखवलं. कुणीतरी तो मजकूर पडद्यावरून टिपून गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला होता, तिथून आणखी कुठं कुठं. दुवा त्यात चालत नव्हता, पण पत्ता होता, तारीख होती, भाडं होतं. सगळं एकाच तुकड्यात.

‘‘ये किराये वाली बात पक्की है न, भैया?’’ मुलीनं साठ्यांनाच विचारलं.

‘‘पक्की है, बिटिया,’’ साठ्ये म्हणाले. तिला ते कोण होते हे ठाऊक नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. झाशीतल्या पंचवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

शेड शेडच राहिली आणि मृदुला टेबलावर राहिली. मोठ्या मजकुराखाली कानपूरच्या एका मोजेवाल्यानं लिहिलं की लहान माप बनवून देतो. भोपाळ आणि नागपूरच्या दोन कारखान्यांनी मुलींची चौकशी केली. पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी साठ्यांच्या लेखणीचं कौतुक केलं. पहिल्या दिवशी साठ्ये म्हणाले, मृदुलानं मदत केली. आठवड्यानं म्हणू लागले, आम्ही मिळून लिहिलं. दिवाळीपर्यंत ते नव्या मुलांना केबिनमध्ये बोलावून लेखनाची सूत्रं सांगत होते. लांब लिहिणं सोपं असतं, असं म्हणायचे, आखूड लिहायला नावाचा मोह सोडावा लागतो. मृदुला दाराबाहेरून ऐकायची आणि चहा थंड व्हायच्या आत प्यायची.

अफवा मात्र अजून जिवंत आहे. परवा बडा बाजारात साडीच्या दुकानात एका मावशींनी सिंधूताईंना हळूच विचारलं, तुमच्या मृदुलानं साठ्यांचं नाव का हो कापलं? सिंधूताईंनी साडी खाली ठेवली. दुकानदार भैयानं ओळखलं आणि स्टूल पुढं केला.

सिंधूताईंचं सांगून होईतो, खरं काय ते थोडक्यात असं. मजकुरात दोनशे ऐंशी खुणा मावत होत्या आणि दोनशे ऐंशी भरल्या होत्या. साठ्यांच्या नावाला चौतीस लागत होत्या. नाव साठ्यांनीच काढलं.